लाजले म्हणायचं होतं!

मेक्सिकोत कुणाकडे जेवताना हातून सरबत सांडलं, की इंग्रजी बोलणारी पाहुणी ओशाळून ‘एस्तोय एम्बारासादा’ म्हणते आणि यजमानीणबाई तिचं अभिनंदन करतात. इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारख्या दिसणाऱ्या या शब्दाचा अर्थ आहे गरोदर!

दोन्ही शब्द एकाच कुळातले. स्पॅनिश ‘एम्बारासार’ म्हणजे मुळात अडवणं, अडचणीत टाकणं. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि तिथे अडचणीची लाज झाली; स्पॅनिशमध्ये अर्थ गरोदरपणाकडे वळला. मला यातली खरी फसगत वाटते ती ‘एम्बारासोसो’ची, कारण त्याचा अर्थ खरोखरच लाजिरवाणा. प्रसंगाला तो लावता येतो. स्वतःबद्दल मात्र मेक्सिकोत ‘मे दा पेना’ म्हणावं, स्पेनमध्ये ‘मे दा बेर्ग्वेन्था’.