अक्षरबदल कोडं कसं सोडवावं?

«कलो पिसुने कम, टीटी गवाने कमने.»

या कोड्यात प्रत्येक अक्षर मात्रेसकट बदललेलं असतं. त्यामुळे ‘त’ आणि ‘ता’ यांची चिन्हं वेगळी असतात.

सुरुवात वाक्याच्या शेवटापासून करावी. ‘कम’ आणि ‘कमने’ ही जोडी ‘आहे–आहेत’ किंवा ‘नाही–नाहीत’ असू शकते. दोन्हींत ‘ने’ म्हणजे ‘त’. म्हणजे ‘पिसुने’ आणि ‘गवाने’ हे सप्तमीचे शब्द असावेत: घरात, शेतात, गावात.

आता ‘कलो’. ‘क’ म्हणजे ‘ना’ धरला तर बहुतेक ‘नाक’, ‘नाव’ असे इथे न बसणारे शब्द येतात. ‘आ’ धरला की ‘आई’ चपखल बसतो.

‘टीटी’ मात्र बाबा, काका, मामा काहीही असू शकतं. तिथे मजकूर लांब हवा, म्हणजे तेच चिन्ह दुसऱ्या शब्दात पडताळता येतं.

एक उत्तर: आई घरात आहे, बाबा शेतात आहेत.