बेसिनखालचा पाइप आणि घरमालकाला पहिला निरोप

बेसिनखाली चकचकीत जाळीचा हातभर लांबीचा कनेक्शन पाइप असतो. आतली नळी रबराची असते आणि बाहेरची जाळी तिला फुगू देत नाही. काही वर्षांत रबर कडक होतं, नटाजवळच्या तारा गंजतात आणि एके रात्री पाइप फुटतो. रात्री नळ बंद असतात, त्यामुळे लाइनमधला दाब पुरेपूर असतो.

समजा, कोथरूडमधल्या एका सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा, साडेपाचशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे. बेसिन पॅसेजमध्ये आहे, म्हणजे खाली मोरी नाही. मिनिटाला १५ लिटर पाणी धरलं, तरी तासाभरात ९०० लिटर जमिनीवर येतं. सगळीकडे सारखं पसरलं, तर दीड सेंटिमीटरहून अधिक. बेडरूममध्ये गादी जमिनीवर, एक्स्टेंशन बोर्डही जमिनीवर. भाडेकरू पहाटे तीनला पाय खाली टेकवतो, तो पाण्यातच.

अशा वेळी पाण्याच्या आधी वीज बंद करायची. मेन स्विचपर्यंत कोरड्या वाटेने जाता येत असेल, तरच आत जायचं. नाहीतर वॉचमनला सांगून मीटररूममधून फ्लॅटचा पुरवठा तोडायचा. मग बेसिनखालचा अँगल कॉक. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक बऱ्याचदा जाम असतो, आणि जोर लावला तर भिंतीतूनच तुटतो. तेव्हा गच्ची गाठावी लागते. अनेक इमारतींत टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम यांच्या वेगवेगळ्या लाइन खाली येतात. त्यामुळे स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह बंद करून बेसिनचं पाणी थांबतंच असं नाही. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा, हे बहुधा वॉचमनलाच ठाऊक असतं.

पाणी थांबलं की लगेच घरमालकाला फोन, आणि उचलला नाही तरी लेखी निरोप. 'काका, पॅसेजमधल्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप पहाटे तीनच्या सुमारास फुटला. गच्चीवरून लाइन बंद केली आहे, मेन स्विचही बंद आहे. बेडरूममध्ये पाणी शिरलंय, तुमच्या कपाटाचा खालचा भाग भिजलाय. फोटो पाठवतोय. सकाळी प्लंबर बोलावू का? खर्चाचं कसं करायचं ते कळवा.' एवढ्या मजकुरात वेळ, कारण, केलेले उपाय आणि नुकसान येतं. खर्चाला होकारही लेखी मिळतो. विचारल्याशिवाय भाड्यातून पैसे कापले, की तिथून वादाला तोंड फुटतं.

पुसायला घेण्याआधी व्हिडिओ काढायचा. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुटलेला नट, प्रत्येक भिजलेली वस्तू त्यात यावी. तुटलेला पाइप फेकायचा नाही, आणि प्लंबरच्या पावतीवर फुटण्याचं कारण लिहून घ्यायचं. खालच्या मजल्यावर छत गळतंय का, हेही त्याच सकाळी विचारून घ्यावं.

पार्टिकल बोर्डचं कपाट खालून पाणी शोषतं आणि फुगतं; वाळलं तरी पूर्ववत होत नाही. हे कपाट घरमालकाचं असल्याने त्या रात्रीचे फोटो पुढे डिपॉझिट परत घेताना कामी येतात. भिजलेला लॅपटॉप 'चालतो का' म्हणून सुरू करून पाहिला, तर उरलासुरलाही जातो. प्रमाणपत्रं उन्हात न ठेवता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुटी पसरायची. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पानं अलगद सुटी करावी लागतात. वाळल्यावर ती चिकटून बसतात. साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. गादी आतून सुकतच नाही, ती बहुतेक वेळा टाकावीच लागते.

पैसे कोणी द्यायचे? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक जलवाहिनीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची, म्हणजे घरमालकाची. भाडेकरूने त्यातलं काय करायचं, हे लिव्ह अँड लायसन्स करारात पाहायचं. सामानाची भरपाई मात्र आपोआप मिळत नाही. 'नटाजवळ थेंब गळतोय' असं महिन्यापूर्वी कळवूनही दुरुस्ती झाली नसेल, तर भाडेकरूची बाजू भक्कम होते. पाइप त्यानेच बसवून घेतला असेल, तर ती ढासळते.

घरमालकाचा विमा इमारतीचा असतो. भाडेकरूच्या गादी-लॅपटॉपशी त्याचा संबंध नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून झालेलं नुकसान येतं, आणि भाडेकरूला फक्त सामानापुरती ती घेता येते. दावा करायचा असेल, तर कंपनीला लगेच कळवून, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ती ओली गादी गॅलरीत तशीच ठेवावी लागते.