कवितेच्या किती ओळी घ्याव्यात?

कवितेवर लेख लिहायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. कुणी सांगतं, चार ओळी चालतात. कुणी म्हणतं, दहा टक्के. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडाच नाही. टीकेसाठी किंवा समीक्षेसाठी केलेला वाजवी वापर चालतो, एवढंच कलम ५२ सांगतं.

वाजवी म्हणजे काय, याचा कस १९९६मध्ये केरळ उच्च न्यायालयात लागला. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं होतं आणि त्यात मूळ नाटकातला मजकूर होता. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने उचललेला भाग किती, तो कशासाठी उचलला, आणि त्यामुळे मूळ कृतीचा ग्राहक तुटेल का. प्रतिनाटकावरची मनाई उठली.

आता हीच फूटपट्टी आपल्या लेखाला लावू. समजा, सोळा ओळींची कविता आहे आणि लेखात ती अख्खी उतरवली आहे. पेन्सिल घ्या. लेखात ज्या शब्दांवर, प्रतिमेवर, यमकावर तुम्ही खरोखर काही बोलला आहात, त्यांच्याखाली रेघ मारा. बहुतेक वेळा पाच-सहा ओळींखालीच रेघ येते. उरलेल्या दहा ओळी नुसत्या शोभेच्या. त्यांचा आशय एका वाक्यात सांगून टाका. ओळी गाळल्या तर तिथे टिंबं द्या, कवीचं आणि संग्रहाचं नाव द्या. कवीने जुन्या वळणाचे अनुस्वार दिले असतील, तर ते ‘सुधारू’ नका. चार ओळींच्या कवितेत मात्र प्रत्येक ओळीवर बोलावं लागतं, आणि तशी ती पूर्ण घेणंही वाजवी ठरू शकतं. फक्त चर्चा तेवढी दांडगी हवी. उलट, लेखाच्या माथ्यावर सजावट म्हणून टाकलेल्या दोन ओळींचं समर्थन करणं अवघड.

त्याआधी कवीचं मृत्युवर्ष पाहावं. ते वर्ष संपल्यावर पुढची साठ वर्षं हक्क टिकतो. मर्ढेकर १९५६मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७पासून खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत थांबायचं. ‘गीतरामायण’बाबत लोक हटकून फसतात. रामकथा सगळ्यांची, हे खरंच. पण शब्द गदिमांचे आहेत आणि ते १९७७मध्ये गेले. हिशेब २०३७च्या अखेरीपर्यंत जातो.

गाण्याचं ध्रुवपद तर आणखी नाजूक. ओळी दोनच, पण पुष्कळदा गाण्याचा सगळा जीव त्यांतच असतो. ‘दोनच तर घेतल्या’ हे उत्तर तिथे पुरत नाही. त्या दोन ओळींबद्दल लेख काय म्हणतो, ते पाहिलं जातं.