ताफ्याने गोळ्या पुसल्या?

फ्रेंच बातमीत एक छोटं वाक्य येतं: ‘ल काँव्वा आ एस्वीये दे तीर’. ‘काँव्वा’ म्हणजे ताफा, ‘तीर’ म्हणजे गोळीबाराच्या फैरी. ‘एस्वीये’ हे क्रियापद फ्रेंच शिकणाऱ्याला लवकरच भेटतं: पुसणे. हात पुसणे, भांडी पुसणे. मग ताफ्याने गोळ्या पुसल्या?

शब्द ओळखीचे, पण जोडी अनोळखी. अशा वेळी जाणता अनुवादक आधी एकभाषिक कोश उघडतो. १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत निघालेला ‘त्रेझॉर’ हा फ्रेंच महाकोश आता इंटरनेटवर मोफत पाहता येतो. त्यात पुसण्याच्या अर्थांनंतर ‘एस्वीये’चा आणखी एक अर्थ सापडतो: नको असलेलं काही सोसावं लागणे. वादळ, नकार, पराभव, तोटा, शत्रूचा मारा अशा नामांबरोबर हे क्रियापद येतं. यशाशी त्याची जोडी जमत नाही.

पुढचा टप्पा समांतर मजकुरांचा, म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत शेजारी शेजारी. युरोपीय संघाचे दस्तऐवज आणि कॅनडाच्या संसदेतील कामकाजाचे वृत्तान्त यासाठी कामी येतात. मात्र फ्रेंच-मराठीचा एवढा मोठा साठा नसल्याने वाट बहुधा इंग्रजीतून जाते, आणि फसगत तिथेच होते. गोळीबार असो वा टीका, दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘कम अंडर फायर’ दिसू शकतं. नुसती इंग्रजी ओळ वाचणारा गोळीबाराच्या जागी ‘टीकेची झोड उठली’ लिहून मोकळा होतो. म्हणून फ्रेंच नाम काय आहे, हे पुन्हा पाहावंच लागतं. शिवाय दोहोंपैकी मूळ मजकूर कोणता, हेही तपासायला हवं. फ्रेंच बाजूच अनुवादित असेल, तर तिचा पुरावा कच्चा.

शेवटी शोध. शब्द अवतरणचिन्हांत टाकले की ते त्याच क्रमाने शोधले जातात:

```
"a essuyé des tirs" site:lemonde.fr
"essuie des tirs"
"ont essuyé des tirs"
```

रूपं बदलून पाहायची, कारण वर्तमानकाळात या क्रियापदातला y जाऊन i येतो आणि एकाच रूपाचा शोध बाकीची उदाहरणं गाळतो. निकालांचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. त्यापेक्षा पाच-सहा वाक्यं पूर्ण वाचून ती कोणी, कशाबद्दल लिहिली आहेत हे पाहिलेलं बरं.

एवढं झाल्यावर मराठी वाक्य सहज उतरतं: ‘ताफ्यावर गोळीबार झाला.’ हेच क्रियापद नकाराबरोबर आलं, तर ‘नकार पचवावा लागला’. तोट्याबरोबर आलं, तर ‘तोटा सोसला’.

‘एस्वीये ले प्लात्र’ मात्र निराळं. शब्दशः ते गिलावा पुसणं. गिलावा अजून ओला असलेल्या नव्या घरात सर्वांत आधी राहायला जाणाऱ्याची ही गोष्ट. त्यावरून नव्या व्यवस्थेच्या सुरुवातीच्या अडचणी पहिल्यांदा भोगणे, असा अर्थ आला. इथे नाम बदलून चालत नाही, अख्खा वाक्प्रचारच कोशात शोधावा लागतो.