तीन कोपरे, दोन गुणाकार, एक वजाबाकी

त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची भागिले दोन, हे शाळेपासून पाठ असतं. शेतात मात्र अडचण येते ती उंचीची. बांधाची लांबी टेपने मोजता येते, पण समोरच्या कोपऱ्यातून बांधावर नेमका लंब कुठे पडतो, हे उभ्या ज्वारीत ठरवणं कठीण. हल्ली मोजणीला रोव्हर येतो. तो प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे देतो: ठरलेल्या जागेपासून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती. उंची त्यातही नसते, पण क्षेत्रफळ काढायला तिची गरजच उरत नाही.

समजा, तुकड्याचे कोपरे आहेत अ (२०, १०), ब (७०, ३०) आणि क (४०, ८०). अ वर उभं राहून पाहिलं तर ब पूर्वेला ५० आणि उत्तरेला २० मीटर आहे, क पूर्वेला २० आणि उत्तरेला ७०. हे चार आकडे दोन ओळींत मांडायचे:

```
| ५०  २० |
| २०  ७० |
```

दहावीत क्रॅमरच्या पद्धतीत भेटतो तोच हा निश्चयक. तिरपे गुणाकार करून वजाबाकी केली की ५० × ७० − २० × २० = ३१००. त्याचं अर्धं १५५० चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वापंधरा गुंठे.

हे खरं कशावरून? कागदावर पडताळून पाहा. हा त्रिकोण ज्यात बरोबर मावतो तो आयत ५० बाय ७० चा, म्हणजे ३५०० चौरस मीटर. त्रिकोणाबाहेर तीन काटकोन त्रिकोण उरतात: खालचा ५००, डावीकडचा ७०० आणि वर उजवीकडचा, ३० व ५० बाजूंचा, ७५०. आयतातून १९५० वजा केले की १५५० च राहतात. निश्चयक हीच काटछाट दोन गुणाकारांत उरकतो.

ब आणि क यांची अदलाबदल केली तर उत्तर −३१०० येतं. उणे चिन्ह एवढंच सांगतं की कोपरे आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतले. क्षेत्रफळासाठी चिन्ह सोडून द्यायचं.

उत्तर शून्य आलं तर? त्रिकोण चपटा होऊन रेषेत मिटला, म्हणजे तिन्ही बिंदू एकरेषीय आहेत. दोन चढ समान आहेत का, हेही पाहता येतं. पण रेषा थेट उत्तर-दक्षिण असेल तर चढ काढताना शून्याने भागावं लागतं आणि हिशेब अडतो. निश्चयकात भागाकारच नसल्यामुळे तो कुठेही अडत नाही.

पुस्तकात शून्य नेमकं येतं, मोजणीत जवळजवळ कधीच नाही. एका सरळ बांधाचा पहिला दगड मूळबिंदू धरू. शेवटचा (१२०, ५०) वर आहे आणि मधला (६०.२, २५) वर सापडला. निश्चयक: १२० × २५ − ५० × ६०.२ = −१०. दहा म्हणजे दगड बराच सरकला, असं वाटतं. पण निश्चयक हे पाया गुणिले उंची असतं, तेव्हा त्याला पायाने भागून पाहावं. इथे बांधाची लांबी १३० मीटर. १० भागिले १३० म्हणजे ०.०७७. दगड रेषेपासून पावणेआठ सेंटिमीटरच बाजूला आहे.

याच्या उलटही फसगत होते. हातभर फळीवर तीन खुणा आहेत: पहिली मूळबिंदूवर, बाकीच्या (०.१२, ०.०५) आणि (०.०५, ०.०८), मीटरमध्ये. निश्चयक ०.००७१, शून्यच म्हणावा इतका लहान. पण पाया १३ सेंटिमीटर आणि तिसरी खूण त्यापासून साडेपाच सेंटिमीटर दूर. ही रेषा मुळीच नव्हे. म्हणून ‘शून्याच्या जवळ’ हा निकाल निश्चयकाच्या आकड्यावरून देऊ नये. अंतर काढावं आणि आपल्या उपकरणाची चूक किती असू शकते, त्याच्याशी ताडून पाहावं.

अकरावी-बारावीच्या पुस्तकांत हेच सूत्र तीन ओळींच्या निश्चयकात असतं, शेवटच्या स्तंभात तीन एक मांडून. पहिली ओळ बाकीच्या दोन ओळींतून वजा केली तर निश्चयक बदलत नाही आणि वरचाच छोटा निश्चयक हाती येतो. हिशेब करताना ही वजाबाकी आधीच करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पुण्याच्या परिसरात रोव्हरचे आकडे पूर्वेला सुमारे ३ लाख ७९ हजार आणि उत्तरेला सुमारे २० लाख ४७ हजार असे येतात. त्यांचा गुणाकार बारा अंकी होतो. दहाच अंक जपणाऱ्या गणकयंत्रात शेवटचे दोन गळतात आणि अशा प्रत्येक गुणाकारात पन्नासपर्यंतची चूक शिरू शकते. छोटा तुकडा असला तर क्षेत्रफळच त्यात बुडून जातं. आधी वजाबाकी केली की उरतात ५०, २०, ७० असे आकडे, आणि ते पाटीवरही अचूक गुणता येतात.