पासपोर्ट रिन्यू करायचाय? आधी तीन गोष्टी सांगा

‘परदेशात आहे, पासपोर्ट रिन्यू कसा करू?’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, राहता कुठे, प्रवास कधी, हे सांगा.

समजा, भारतीय पासपोर्ट, अमेरिकेत एच-१बी. अर्ज ‘री-इश्यू’चा करायचा, मुदत संपण्याआधी वर्षभरात तो करता येतो. नव्या पुस्तिकेचा नंबर वेगळा असतो. रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टातला अमेरिकन व्हिसा मुदतीत असेल, तर चालतो. म्हणून प्रवासात दोन्ही जवळ ठेवा.

खरी गोची आय-९४ची. पासपोर्ट लवकर संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची मुदतही तिथवरच देऊ शकतो, एच-१बीची मंजुरी पुढची असली तरी! नवा पासपोर्ट आला म्हणून ती तारीख आपोआप वाढत नाही. प्रत्येक प्रवेशानंतर i94.cbp.dhs.gov वर ती तपासा.