पगाराचे पत्र लिहिण्यापूर्वी

नामपल्ली भागात तेलंगण लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे. आयोग एखाद्या पदासाठी अर्ज मागवितो, तेव्हा त्या पदाची वेतनश्रेणी जाहिरातीतच छापलेली असते. उमेदवार निवडला गेला की तो पगार त्याला मिळतो. त्याविषयी घासाघीस करण्याचा प्रश्नच येत नाही. मराठवाड्यातून येथे येऊन सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेल्या मराठी घरांना पगाराची हीच रीत ठाऊक आहे. अर्ज कसा लिहावा हे ह्या घरांतील वडीलधारी माणसे उत्तम सांगतील; परंतु देऊ केलेला पगार वाढवून कसा मागावा, हे सांगण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली असेल.

आता ह्याच घरांतील मुलेमुली खाजगी कंपन्यांत जातात. कंपनीचे ऑफर लेटर ई-मेलने येते आणि दोन-चार दिवसांत होकार कळवावयाचा असतो. मग आम्हांसारख्या चार अक्षरे लिहिणाऱ्यांकडे मागणी येते, ‘पगार वाढवून मागावयाचा आहे, एक चांगलेसे ई-मेल लिहून द्या.’ कंपनीने किती देऊ केले, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘बरा आहे पगार.’ अशा कामाला शहरात किती मिळते, तर ‘इतरांना जास्त आहे.’ आणि तुम्हांला नेमके काय हवे, तर ‘जितके वाढेल तितके.’

ह्या तीन उत्तरांवर पत्र लिहिता येते काय? शब्द जुळविता येतात, हे खरे. ते पत्र साधारणतः असे होईल :

‘आपण दिलेल्या संधीबद्दल मी आभारी आहे. माझी पात्रता व बाजारातील प्रचलित वेतन ध्यानात घेऊन पगारात योग्य ती वाढ करावी, ही विनंती.’

भाषेत दोष नाही. दोष आहे तो असा की, कंपनीच्या माणसाला ह्या पत्राचे काहीच करता येत नाही. त्याला वरिष्ठांकडे एखादा आकडा न्यावा लागतो, आणि येथे आकडा नाही. तो उलट विचारील, ‘किती?’ आणि ‘बाजारातील प्रचलित वेतन म्हणजे कोणते?’ मग उमेदवार घाईने तोंडाला येईल तो आकडा सांगेल. पत्र लिहून देणाऱ्यानेच आपल्या मनाचा आकडा घातला, तर ते अधिकच वाईट. कारण त्याचा आधार विचारला जाईल तो उमेदवाराला, लिहिणाऱ्याला नव्हे.

ह्या तीन गोष्टी कळल्यावर पत्र कसे बदलते, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. नामपल्लीत आईवडिलांजवळ राहणाऱ्या एका मुलीला रायदुर्गजवळच्या कंपनीने वर्षाला ४,८०,००० रुपये देऊ केले आहेत. घरातील सर्वांनी बाराने भागून हिशेब केला, की महिना चाळीस हजार.

परंतु हा आकडा सी.टी.सी.चा, म्हणजे कंपनीला त्या नोकराप्रीत्यर्थ वर्षभरात येणाऱ्या एकंदर खर्चाचा आहे. हातात पडणाऱ्या पगाराचा नव्हे. तिच्या पत्रासोबतच्या तक्त्यात मूळ वेतन महिना २०,००० आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, कंपनी प्रॉव्हिडंट फंडात भरणार, आणि तेही त्या चाळीस हजारांतच धरलेले आहेत. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये, धरले आहेत. कायम नोकरीत ती साधारणतः पाच वर्षे सलग सेवा झाल्यावरच मिळते. शिवाय वर्षाचे ४८,००० रुपये, म्हणजे महिना ४,०००, हा बदलता भाग आहे. वर्षअखेरीस काम पाहून तो पूर्ण, अर्धा किंवा अजिबात न देण्याचा अधिकार कंपनीने राखला आहे.

हे तिन्ही वजा केले की ३२,६३८ उरतात. त्यांतून प्रॉव्हिडंट फंडाचा तिचा स्वतःचा हिस्सा २,४०० आणि तेलंगणातील व्यवसाय कर २०० रुपये जातील. दरमहा बँकेत जमा होतील ते ३०,०३८. चाळीस हजारांचे तीस हजार झाले. ह्यात फसवणूक नाही, कारण सर्व काही तक्त्यात लिहिलेले होते. फक्त तो तक्ता घरात कोणी वाचला नव्हता. ‘बरा आहे पगार’ एवढ्या उत्तरावर पत्र का लिहिता येत नाही, ते येथे दिसून येईल.

दुसरी गोष्ट बाजारभावाची. एकाच मित्राच्या पगारावरून भाव ठरत नाही. त्याच शहरात, त्याच प्रकारच्या कामावर, तितक्याच वर्षांच्या अनुभवाने लागलेल्या चार-पाच जणांकडे विचारणा करावी. कॉलेजच्या प्लेसमेंट कार्यालयात अलीकडच्या नेमणुकांचे आकडे मिळतात. काही जाहिरातींतही पगार दिलेला असतो. मात्र सी.टी.सी.ची तुलना सी.टी.सी.शीच करावी. एकाने हातात पडणारा पगार सांगितला आणि दुसऱ्याने एकंदर खर्चाचा आकडा सांगितला, तर त्यांची तुलना व्यर्थ आहे. समजा, त्या मुलीला पाच आकडे मिळाले : ४.६, ५.०, ५.२, ५.५ आणि ७ लाख. सात लाखांचा माणूस निराळे, अधिक कौशल्याचे काम करतो असे चौकशीत कळले; म्हणून तो आकडा बाजूला ठेवावयाचा. उरलेल्या चारांत तिला देऊ केलेले ४.८ लाख खालच्या बाजूस आहेत, पण पट्ट्याबाहेर नाहीत. तेव्हा थोडी वाढ मागणे रास्त होईल. सात लाख मागणे होणार नाही. तिला ५.५ लाख देऊ केले असते, तर बाजारभावाचा आधार घेऊन वाढ मागण्यास जागाच उरली नसती.

तिसरी गोष्ट दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. ती उमेदवारानेच ठरवावी लागते. ‘सर्वच हवे’ हा क्रम नव्हे. त्या मुलीने विचार करून असा क्रम लावला : शिक्षणकर्जाचा हप्ता व घरखर्चातील आपला वाटा देता यावा म्हणून महिना किमान ३३,००० हातात पडले पाहिजेत; रात्रपाळी असल्यास कंपनीने गाडीने घरी पोहोचवावे, कारण मेट्रोने अमीरपेठला गाडी बदलून दिवसा जाणे-येणे सोपे असले तरी मेट्रो रात्रभर चालत नाही; आणि पदाचे नाव काय असावे, ह्याचे तिला महत्त्व नाही.

आता मागणीच बदलते. बाजारभावाप्रमाणे तिने ५,२०,००० मागितले आणि कंपनीने मूळ वेतनाचे प्रमाण आणि बदलत्या भागाची रक्कम तशीच ठेवून ते मान्य केले असे समजू. मूळ वेतन वाढले की प्रॉव्हिडंट फंडाचे दोन्ही हिस्से आणि ग्रॅच्युइटीही वाढते. म्हणून वर्षाला चाळीस हजार वाढूनही हातात पडतील ते सुमारे ३२,९००. तिची गरज थोडक्यात हुकली. ह्याउलट, एकंदर आकडा ४,८०,००० च ठेवून बदलत्या भागाचे ४८,००० रुपये दरमहाच्या निश्चित पगारात घ्यावेत एवढेच तिने मागितले, तर हातात ३४,०३८ पडतात. कंपनीचा ठरविलेला खर्च वाढत नाही, आणि तिची निकड भागते. ‘जितके वाढेल तितके’ असे मागणाऱ्याला हा मार्ग सुचलाच नसता.

तेव्हा तिचे पत्र असे होईल. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल. आशय येथे मराठीत देतो :

‘आपले ऑफर लेटर मिळाले, आभारी आहे. हे काम करण्याची माझी इच्छा आहे. सोबतच्या तक्त्यात वार्षिक ४८,००० रुपये बदलत्या भागात आहेत. ती रक्कम दरमहाच्या निश्चित पगारात धरता येईल काय? एकंदर ४,८०,००० हा आकडा मला तोच चालेल. हे शक्य नसल्यास, अशा कामाला शहरात सुमारे ५ ते ५.५ लाख मिळतात असे चौकशीवरून कळते. त्या दृष्टीने एकंदर आकड्याचा विचार व्हावा. तसेच रात्रपाळी असल्यास घरी पोहोचविण्याची सोय आहे काय, हे कळवावे. आपले उत्तर आल्यावर मुदतीच्या आत होकार कळवीन.’

हे पत्र ज्या व्यक्तीने ऑफर लेटर पाठविले तिलाच, होकार देण्यापूर्वी पाठवावे. सही करून दिल्यावर मागणीला जोर राहत नाही. दुसऱ्या कंपनीची खोटी ऑफर सांगू नये. तिचे पत्र दाखवा म्हटले की सर्वच बोलणे संपते. ह्या उपायाला मर्यादाही आहेत. कॉलेजातून एकदम शेकडो मुले घेणाऱ्या कंपन्या सर्वांना एकच पगार देतात आणि एकीसाठी रचना बदलीत नाहीत. तेथे ‘सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल काय?’ एवढे विचारून उत्तर लेखी घ्यावे. आणि बदलता भाग दरवर्षी पुरा मिळतो असे तेथील जुने कर्मचारी सांगत असतील, तर तो निश्चित करून घेण्याने वर्षाची कमाई वाढत नाही. पैसे लवकर मिळतात, इतकेच.

पण ऑफरचा तपशीलच हाती नसला, तर? काही कंपन्या नुसता वार्षिक आकडा कळवितात. तेव्हा पहिले पत्र वाढ मागण्याचे नसावेच. ‘ऑफरबद्दल आभारी आहे. मूळ वेतन, भत्ते, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी व बदलता भाग ह्यांचा तक्ता कृपया पाठवावा, म्हणजे निर्णय करणे सोपे होईल.’ एवढ्या तीन ओळी पुरतात. त्यांत कमीपणा नाही, कारण पत्र पाठविणाऱ्या माणसापाशी तो तक्ता बहुधा तयारच असतो. तक्ता येईपर्यंत बाजारभावाची चौकशी करावी आणि आपला क्रम कागदावर मांडावा.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे असे पत्र लिहून मागण्यास येईल, तेव्हा त्याने तीन कागद आणावेत : कंपनीचा तक्ता, चार-पाच जणांकडून मिळालेले आकडे, आणि आपल्या गरजांची क्रमवार यादी. दुसरा कागद अपुरा असेल, तर पत्रातले बाजारभावाचे वाक्य गाळावे. ती जागा अंदाजाने भरू नये. पहिला किंवा तिसरा नसेल, तर पत्र लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.